तिजोरीत नाही, विम्यात नाही; मग ताळेबंदात आले कोठून?

जेमतेम १० कोटी रुपये मावतील अशी तिजोरी, आणि वहीत रोख शिल्लक १२२ कोटी! मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी शाखेबद्दल पोलीस तपासातून बाहेर आलेली ही माहिती ज्याने वाचली आणि ज्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली नाही, त्याने आयुष्यात कधी घामाचा पैसा बँकेत ठेवलेला नसावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेची माणसे नोटा मोजायला उभी राहिली आणि प्रभादेवी व गोरेगाव येथली १२२ कोटींची रोकड जागेवर नसल्याचे उघड झाले. १३ फेब्रुवारीला निर्बंध आले, दुसऱ्याच दिवशी संचालक मंडळ बरखास्त झाले, बँकेचा वरिष्ठ अधिकारी गजाआड गेला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. ते काम आमचे नाही. पण न्यायालयाची वाट न पाहता विचारता येईल असा एक प्रश्न आहे. हा पैसा एका रात्रीत गेला नाही, काही वर्षांत टप्प्याटप्प्याने गेला असा आरोप आहे. मग त्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या वहीखाली सही केली, त्यांच्यापैकी एकालाही तिजोरीकडे नुसते पाहावेसे वाटले नाही? मोजायचे राहू द्या. पाहावेसे? जे लोखंडाच्या कपाटात मावत नव्हते ते कागदावर मावले, आणि कागदावर मावले म्हणून सगळ्यांनी ते खरे मानले!

ठेवीदार रांगेत उभे राहिले. २७ फेब्रुवारीपासून त्यांना २५ हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. ठेव विम्याचे कवच माणशी ५ लाखांपर्यंत. त्यावरच्या रकमेचे काय, या चिंतेत किती निवृत्त माणसांनी रात्री काढल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि त्या रांगेला तरी आसरा मिळाला. पण महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांतून, बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यांवर आणि दूधसंघाच्या शेजारच्या गाळ्यांत ज्या पतसंस्था चालतात, तिथल्या ठेवीदाराला हे ५ लाखांचे कवचही नाही. ठेव विमा महामंडळ बँकांच्या ठेवींना संरक्षण देते, पतसंस्थांच्या नव्हे. तिथे कॅशियरने हात मारला तर शिल्लक राहतो तो एकच विमा, संस्थेने स्वतः काढलेला. त्या विम्याच्या नावावर आज सभासदांची जी फसवणूक चालू आहे, तिच्यावर आज आम्हाला कोरडे ओढायचे आहेत. चोर एकदा चोरतो. संचालक मंडळ तीच रक्कम ‘विमा कंपनीकडून येणे’ असे लिहून दुसऱ्यांदा चोरते. पहिल्या चोरीला कायद्यात शिक्षा आहे. दुसरीला वार्षिक सभेत टाळ्या पडतात!

एक शाखा डोळ्यांसमोर आणा. ती अमुक संस्थेची असे आम्ही म्हणत नाही. आकडेही समजायला सोपे म्हणून आम्हीच घेतलेले आहेत. पण सहकारात चार वर्षे काढलेला कोणीही माणूस ही शाखा ओळखील. पाच माणसांचा कर्मचारीवर्ग, एक कॅशियर, एक शाखाधिकारी. रात्री तिजोरीत ३ लाखांहून जास्त रोकड ठेवायची नाही, जास्तीची जिल्हा बँकेतल्या खात्यात भरायची, असा ठराव आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, दुसरी शाखाधिकाऱ्याकडे. प्रत्यक्षात दोन्ही कॅशियरकडे, कारण ‘साहेबांना सारखे उठायला नको’. कॅशियर कामसू. सकाळी सर्वांआधी येतो, रात्री सर्वांनंतर जातो. आठ वर्षांत त्याने सलग तीन दिवसांची रजा घेतलेली नाही, आणि याबद्दल गेल्या वर्षी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झालेला आहे!

ऑगस्टमध्ये हा कामसू माणूस पहिले दहा हजार उचलतो, परत ठेवण्याच्या इराद्याने. ते परत येत नाहीत. संध्याकाळी रोजकीर्द मात्र जुळते, कारण रोजकीर्दीला नोटा दिसत नाहीत. सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, अखेरची शिल्लक. बेरीज बरोबर आली की शाखाधिकारी सही करतो. अखेरच्या शिल्लकेखाली नोटांचा तपशील लिहायचा असतो: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती. तोही कॅशियरच लिहितो, आणि तो आधी वहीतली शिल्लक पाहतो, मग तेवढ्या नोटा कागदावर ‘बसवतो’. जुनी बंडले तिजोरीच्या मागच्या खणात रचलेली. वरची आणि खालची नोट पाचशेची, मधल्या शंभराच्या. मोजणारा पुढचे एक बंडल उघडून मोजतो आणि बाकीची नुसती गणतो. महिनाअखेरीला शिल्लक फारच फुगली तर जिल्हा बँकेत भरणा केल्याचे व्हाउचर टाकायचे आणि भरणा दोन-तीन दिवसांनी, नव्या दिवसाच्या वसुलीतून करायचा. आजच्या पैशाने परवाचे भोक बुजवायचे, परवाच्या पैशाने आजचे. बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ महिनोन्‌महिने लावायचाच नाही, म्हणजे हे दोन-तीन दिवस कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

यात अक्कल कुठे लागली? कोणते तंत्रज्ञान लागले? काही नाही. आणि ही चोरी ओळखायलाही काही लागत नाही. ज्या शाखेला ३ लाखांची मर्यादा आहे तिची वहीतली रोख शिल्लक सप्टेंबरात साडेचार, डिसेंबरात साडेनऊ, मार्चअखेर सतरा लाख होते. व्याज न कमावणारा पैसा कोणती संस्था असा उशाला घेऊन झोपते? नोटांच्या तपशिलात पाचशेच्या नोटांचा आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही. गिऱ्हाईक येते, पैसे घेऊन जाते, आणि तिजोरीतल्या पाचशेच्या त्या ठरावीक बंडलांना कोणाचा हात लागत नाही! मुख्य कार्यालयात बसून, शाखेत पाऊल न टाकता, नुसत्या संगणकावरच्या दैनिक शिल्लकेवरून हे दिसते. पाहिले नाही, कारण पाहिल्यावर काहीतरी करावे लागले असते.

लेखापरीक्षक येतात ते जुलैत. तिजोरीची मोजणी ३१ मार्चला झालेली, तीही आधी निरोप देऊन. त्या संध्याकाळपुरते पिग्मी एजंटांकडून, शेजारच्या शाखेकडून, एखाद्या व्यापारी सभासदाकडून पैसे आणून खण भरला की काम झाले. फाइलीत ‘रोख शिल्लक प्रमाणपत्र’ लागते, त्यावर शाखाधिकाऱ्याची सही असते, आणि ती सही पाहून लेखापरीक्षक स्वतःची सही करतो. सहीवर सही, त्या सहीवर आणखी एक सही. खाली जमीन आहे की नाही हे कोणीच पाहत नाही.

आता या गोष्टीतला जो क्षण आम्हाला सर्वांत संतापजनक वाटतो तो सांगतो. तो चोरी उघड होण्याचा क्षण नव्हे. जानेवारीच्या मध्यावर शाखाधिकाऱ्याला ४० हजारांची तूट सापडते. कॅशियर रडतो, मुलाच्या फीची अडचण सांगतो, पाय धरतो. साहेबांचे मन द्रवते. (साहेबांचे मन द्रवायला संस्थेचा पैसा असला की फार सोपे जाते.) ते एका साध्या कागदावर ‘चाळीस हजार उचल घेतली, दोन महिन्यांत फेडतो’ असे लिहून घेतात, कागद ड्रॉवरमध्ये ठेवतात, अध्यक्षांच्या कानावर घालतात. अध्यक्ष म्हणतात, बोभाटा नको, ठेवीदार घाबरतील. कॅशियर कॅशवरच राहतो! त्या दिवसापर्यंत साडेसात लाख गेलेले आहेत. त्या दिवसानंतर मार्चअखेरपर्यंत आणखी साडेसहा लाख जातात, आणि एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणखी चार. जूनमध्ये कॅशियर आजारी पडतो, बदली माणूस मागच्या खणातले बंडल सोडतो, आणि पाचशेच्या नोटेखाली शंभराच्या नोटा निघतात. एकूण १८ लाख.

मग सुरू होते ती खरी धावपळ. पैसा शोधण्याची नव्हे, शब्द शोधण्याची. पोलिसांत फिर्याद जाते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा दाखल होतो, आणि संचालकांच्या बैठकीत अध्यक्ष छाती पुढे काढून सांगतात, ‘काळजीचे कारण नाही, आपला विमा आहे.’ सचिव ताबडतोब नोंद टाकतो: रोख शिल्लक कमी १८ लाख, विमा कंपनीकडून येणे १८ लाख. ताळेबंदाची एक ओळ रिकामी झाली, दुसरी भरली. तोटा शून्य! जादूगार टोपीतून ससा काढतो तसा यांनी चोरीतून नफा शाबूत काढला.

कोणता विमा हो, अध्यक्ष महाराज? पॉलिसी उघडून वाचली आहे का कधी? कपाटात दोन कागद आहेत. पहिला रोख रकमेचा विमा, म्हणजे तिजोरीतली आणि वाटेत नेतानाची रोकड. दरोडा पडला, घरफोडी झाली, बँकेत भरणा करायला जाताना कोणी पिशवी हिसकावली, तर हा विमा. आपल्याच माणसाने केलेला अपहार त्यात सहसा वगळलेला असतो. कुठे सूट असली तर चोरी काही तासांत किंवा अगदी थोड्या दिवसांत उघड झाली पाहिजे अशी अट असते. दहा महिन्यांनी सापडलेल्या चोरीला त्या कागदाची किंमत रद्दीची. दुसरा कागद फिडेलिटी गॅरंटी पॉलिसीचा. कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणाचा विमा तो हाच. पण त्यातही कर्मचाऱ्यागणिक मर्यादा असते. या शाखेच्या कॅशियरवर ती १० लाखांची आहे, कारण हप्ता वाचवण्यासाठी संचालकांनीच ती वाढवली नाही. म्हणजे १८ लाखांची नोंद ज्या क्षणी टाकली त्या क्षणी तिच्यातले ८ लाख उघड खोटे होते, आणि हे पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेले होते!

बरे, १० तरी येतील? सर्व्हेअर येतो. तो मुळावर घाव घालणारे चारच प्रश्न विचारतो. अपहार पॉलिसीच्या मुदतीत झाला का आणि ठरलेल्या कालमर्यादेत उघड झाला का? या शाखेपुरते उत्तर होय. कर्मचाऱ्याचा अप्रामाणिकपणा तुमच्या ध्यानात पहिल्यांदा कधी आला? इथे ड्रॉवरमधला तो साधा कागद बाहेर येतो. कॅशियर आपल्या जबाबात तो सांगतोच, कारण त्याला साहेबांनाही सोबत न्यायचे असते. फिडेलिटी पॉलिसीचा सर्वसाधारण नियम असा की एखाद्या माणसाची पहिली लबाडी मालकाला कळली, की त्या माणसापुरते कवच तिथेच संपते. कळूनही त्याला गल्ल्यावर बसवलात, तर पुढची चोरी तुमची. म्हणजे जानेवारीनंतरचे साडेदहा लाख गेले. विम्याच्या कक्षेत राहिले साडेसात. अध्यक्षांनी बोभाटा टाळला त्याची किंमत साडेदहा लाख रुपये, आणि ती त्यांच्या खिशातून गेली नाही.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. नुसते ‘कमी आहेत’ म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या व्यवहारातून, या माणसाने घेतले हे वहीवरून दाखवावे लागते. साठ हजारांची व्हाउचरे सापडत नाहीत. ते वजा. राहिले ६ लाख ९० हजार. कॅशियरची अनामत आणि थकलेला पगार मिळून ९० हजार संस्थेच्या हातात आहेत. संस्थेकडे त्या कर्मचाऱ्याचा जो पैसा असेल तो आधी नुकसानीतून वळता करायचा, अशी अट असते. राहिले ६ लाख. त्यावर पॉलिसीप्रमाणे पाच टक्के संस्थेने सोसायचे, तीस हजार. राहिले ५ लाख ७० हजार. बुडालेले व्याज, वकिलाची फी, घाबरून काढून घेतलेल्या ठेवी, यातले काहीही विम्यात नाही. हिशेब करा. १८ लाखांपैकी विम्याचे ५ लाख ७० हजार, कॅशियरच्या अनामतीचे ९० हजार, एकूण ६ लाख ६० हजार. संस्था बुडाली ती ११ लाख ४० हजारांना.

आणि चौथा प्रश्न अजून बाकी आहे. विमा घेताना भरलेल्या प्रस्तावपत्रात कंपनीने विचारले होते: अचानक रोख तपासणी किती वेळा करता? संस्थेने ऐटीत लिहिले होते: दरमहा. आता दाखवा ती तपासणी-वही. वही निघते, पण बारा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या, आणि त्यातली एक तारीख चक्क रविवारची! विम्याच्या करारात देखरेखीची जी पद्धत सांगितली ती पाळणे ही अट आहे. ती मोडली तर कंपनी उरलेले ५ लाख ७० हजारही नाकारू शकते. मग ग्राहक आयोग, अपील, वर्षे. काही प्रकरणांत तडजोडीने थोडेफार मिळते, काहींत काही मिळत नाही.

आता सांगा, असा पैसा ‘येणे’ म्हणून ताळेबंदात लिहिता येतो? हिशेबाचे शास्त्र या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. लेखामानक २९ सांगते की दुसऱ्याकडून भरपाई मिळणे जवळपास निश्चित झाल्याशिवाय ती मालमत्ता म्हणून दाखवायची नाही. कंपनीने दावा मान्य केल्याचे पत्र आले, रक्कम ठरली, तर लिहा. सर्व्हेअर अजून वह्या चाळतो आहे तोवर ती आशा आहे, आणि आशेला ताळेबंदात जागा नाही. फार तर खाली टिपणात तिचा उल्लेख करा. तोटा मात्र आजचा, पुरता, विनाअट. लेखामानक ४ त्याहून स्पष्ट आहे: ३१ मार्चला जी परिस्थिती होती तिचा पुरावा हिशेब मंजूर होण्यापूर्वी हाती आला, तर ते हिशेब बदलावेच लागतात. जूनमध्ये उघड झालेल्या अपहारातले १४ लाख मार्चअखेर आधीच गेलेले होते. ३१ मार्चची ती १७ लाखांची रोख शिल्लक त्या दिवशीही ३ लाखच होती. ‘आम्हाला जूनमध्ये कळले, म्हणून पुढच्या वर्षी बघू’ हा बहाणा चालत नाही. पुढच्या वर्षाचे आहेत ते एप्रिलनंतरचे ४ लाख तेवढे.

या जागी संस्थेचा एखादा चतुर सल्लागार प्राप्तिकराचा दाखला काढतो, आणि तो दाखला खरा असतो, म्हणूनच घातक. कर्मचाऱ्याने केलेल्या अपहाराचा तोटा धंद्यातलाच तोटा मानावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच बद्रीदास डागा खटल्यात मान्य केले. तो तोटा उघड झाल्याच्या वर्षी वजा द्यावा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे नोव्हेंबर १९६५ चे परिपत्रक आहे. आणि असोसिएटेड बँकिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की पैसा परत मिळण्याची वाजवी शक्यता आहे तोवर करापुरता तोटा झाला असे धरता येत नाही. सल्लागार हे तिन्ही दाखले टेबलावर आपटतो आणि म्हणतो, बघा, वसुलीची शक्यता आहे, तोटा नाही! अहो पंडित, ते सरकार आपला कर वसूल करण्यासाठी लावते ते माप. सरकारला तुमचा तोटा उशिरा झालेला परवडतो. ठेवीदाराला परवडत नाही. त्याला आज विचारायचे असते की आज तिजोरीत काय आहे. करखात्याची फूटपट्टी घेऊन सभासदाच्या डोळ्यांत धूळ फेकणे याला हुशारी म्हणत असाल, तर कॅशियरही हुशारच होता.

ही धूळ कशासाठी, ते अहवालाच्या पुढच्या पानावर दिसते. या संस्थेचा छापील नफा १२ लाखांचा आहे. मार्चअखेर गेलेले १४ लाख त्यातून वजा करा: नफा नाही, २ लाखांचा तोटा आहे. पण नफा १२ लाख छापला की त्यातून लाभांश वाटता येतो, कर्मचाऱ्यांना बोनस देता येतो, संचालकांचा अभ्यासदौरा निघतो आणि ‘अ’ वर्गाची पाटी दारावर राहते. सभासदाच्या हातात लाभांशाचे पाकीट पडते, तो खूश होतो, आणि आपल्याच ठेवीचा तुकडा आपल्याला वाढलेला आहे हे त्याला कळत नाही. तीन वर्षांनी विमा कंपनीचे नकाराचे पत्र येते. तोवर अध्यक्ष बदललेले, कॅशियर जामिनावर, शाखाधिकारी निवृत्त, आणि ‘विमा कंपनीकडून येणे’ ही ओळ हळूच ‘संशयित येणी’ या ओळीत सरकलेली असते. तिच्यावर दरवर्षी थोडी थोडी तरतूद करतात, म्हणजे दुखत नाही. अशाने १८ लाखांची चोरी कोणत्याही एका सभेत, कोणत्याही एका अध्यक्षाच्या कारकिर्दीत घडतच नाही!

कोणी म्हणेल, विमा कंपन्याच लबाड. कंपन्यांची कड घेण्याचे आम्हाला कारण नाही. हप्ता घेताना हसतमुख आणि दावा देताना बहिऱ्या अशा कंपन्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि अटींची पुस्तिका गिऱ्हाइकाला कळेल अशा मराठीत देण्याची त्यांची तयारी नसते, हा त्यांचा गुन्हाच आहे. पण जानेवारीत कळले आणि लपवले, ही अट कोणत्याही भाषेत छापली तरी तीच राहते. मालकाला माहीत असलेल्या चोरीचा विमा जगात कोणी का उतरवावा?

राहिले सहकार खाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ८३ ची चौकशी आहे, आणि कलम ८८ आहे, ज्याखाली संस्थेचे नुकसान करणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडून आणि अधिकाऱ्यांकडून ती रक्कम वसूल करता येते. हत्यार म्यानात आहे, धार आहे, फक्त हात नाही. कॅशियरच्या घरावर जप्तीची पाटी लागते आणि तिथे दोन खोल्या व एक मोटारसायकल सापडते. ज्यांच्या शेतीला, गाळ्यांना, बंगल्यांना हात लावता येईल ते संचालक मात्र चौकशीत ‘माहिती नव्हती’ असे लिहून देतात, आणि चौकशी अधिकारी ते लिहून घेतो. माहिती नव्हती? जानेवारीचा कागद कोणाच्या कानावर गेला होता? मुदत ठेवीची पावती घेऊन मुलीच्या लग्नासाठी आलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणाऱ्या खिडकीमागे कोण बसले होते? माहिती नसणे हा संचालकाचा बचाव होऊ शकत नाही. माहिती ठेवण्यासाठीच तर त्याला निवडून दिले होते, आणि त्यासाठीच तो बैठक भत्ता उचलत होता.

गावोगावच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभा भरतील. हारतुरे होतील, अहवाल वाचला असे समजण्याची विनंती होईल, ‘मंजूर, मंजूर’चा गजर होईल आणि मागे भज्यांचा वास सुटेल. सभासदांनो, त्या दिवशी भजी थंड होऊ द्या. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला ‘विमा कंपनीकडून येणे’, ‘अपहार येणे’, ‘कर्मचारी येणे’ अशी ओळ दिसली की उभे राहा आणि कंपनीने दावा मान्य केल्याचे पत्र मागा. पत्र नसेल तर ती रक्कम नफ्यातून वजा करूनच लाभांशाचा ठराव मांडा म्हणा. पॉलिसीचे पान सभेत वाचायला लावा: माणशी मर्यादा किती, संस्थेने सोसायचा हिस्सा किती. रोजची शिल्लक मर्यादेबाहेर किती दिवस होती त्याचा तक्ता मागा. तो संगणकातून दहा मिनिटांत निघतो. अध्यक्ष म्हणतील, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलता येत नाही. कॅशियरचा गुन्हा न्यायप्रविष्ट आहे. तुमची रोजकीर्द नाही. लबाडी कळल्यानंतर त्या माणसाला गल्ल्यावर ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला ते विचारा, नाव इतिवृत्तात लिहून घ्या, आणि जानेवारीनंतरचे साडेदहा लाख त्या नावावर कलम ८८ खाली निश्चित करावेत असा ठराव निबंधकांकडे धाडा. तो ठराव होईपर्यंत ताळेबंदासाठी एकही हात वर जाता कामा नये.